एका बल्बच्या तारेचं तापमान

एप्रिलचा शेवटचा शनिवार. मानधन पंधराशे रुपये, तेही माणशी नव्हे, प्रयोगामागे. हजर माणसं चार: निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतले जुने सहायक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, माझा साडभाऊ, आणि मी. जागा अमरावतीतली तीच प्रयोगशाळा. वेळ अकरा. भिंतीवरचं तापमापक तेव्हा अडतीस दाखवत होतं. हे सगळं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

काम असं होतं. विज्ञान शिक्षकांची एक समिती अकरावी-बारावीच्या प्रयोगांची पुस्तिका तयार करत होती. त्यात एक प्रयोग होता, पेटलेल्या बल्बच्या तारेचं तापमान तिच्या विद्युत रोधावरून काढायचा. मॅडम समितीच्या प्रमुख. त्यांच्याकडे या प्रयोगाचे दोन मसुदे आले होते, एक अमरावतीहून साडभाऊचा आणि एक अकोल्याहून माझा. दोन्ही मसुद्यांतली आकृती सारखी होती, वाक्यं पुष्कळशी सारखी होती आणि उत्तरं मात्र वेगळी होती. तेव्हा मॅडमनी दोघांना बोलावलं. एकच बल्ब घ्या, माझ्यासमोर करून दाखवा, ज्याचं पटेल त्याचं छापू.

आकृती सारखी का होती, हे मला माहीत होतं. ती माझी होती.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी अकोल्यात ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तोही तेच शिकवतो, पण अमरावतीत स्वतःच्या कोचिंग क्लासमध्ये. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. त्याच्या क्लासला तीन मजले आहेत आणि बाहेर त्याचाच हाताची घडी घातलेला फोटो आहे. सहा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला होता तेव्हा म्हणाला, "भाऊ, तुमची ती प्रयोगाची वही द्या ना मले. पोट्टे प्रॅक्टिकलचं विचारून राहिले." मी दिली. त्याने तिथेच बसून पानांचे फोटो काढले आणि वही परत केली. त्याने चोरी केली असं मी म्हणू शकत नाही. मी माझ्याच हाताने दिली होती. पण नंतर त्याच्या क्लासच्या छापील पुस्तकात माझी आकृती पाहिली, बॅटरीजवळचा माझा वाकडा बाणही तसाच, तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

बाळापूरला आमची सासुरवाडी. अक्षय्य तृतीयेला दोघे जावई जेवायला असतो. आमरसाचा आग्रह आधी कोणाला होतो हे मी मोजतो. मोजू नये हे मला कळतं, पण आकडे माझ्या डोळ्यांसमोर आपोआप येतात. एका वर्षी सासऱ्यांनी पहिली वाटी मला वाढली, कारण मी थोरला. दुसरीचा आग्रह त्याला झाला, तिसरीचाही त्यालाच. तिसरी वाटी त्याने हाताने अडवली आणि म्हणाला, "बास मामाजी, आता भाऊले वाढा." ते मला जास्त लागलं.

तर सांगायचं ते बल्बचं.

मसुदे मागवणारं मॅडमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी बायको म्हणाली, "दोघं मिळूनच लिहा ना. घरचंच तं आहे."

मी म्हणालो, "मिळून लिहायला दोघांचं उत्तर एक पाहिजे."

"मंग त्याचं बरोबर असन त लिहा त्याचं."

मी ऑटो पार्टच्या दुकानातून इंडिकेटरचे चार बल्ब आणले, बारा व्होल्ट एकवीस वॅटचे, आणि आठवडाभर रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाचनं घेतली. प्रत्येक बल्बच्या बुडाला चार-चार तारा मीच झाळल्या. कढईत भाजी आणि शेजारी मिलिव्होल्टमीटर, असे सात दिवस.

ज्यांना हा प्रयोग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. बल्बमधली तार टंगस्टनची असते. तार तापली की तिचा रोध वाढतो. थंड असताना या बल्बचा रोध अर्धा ओहम असतो, पेटल्यावर जवळजवळ सात ओहम. दर अंशाला रोध मूळच्या किती पटीने वाढतो, तो आकडा म्हणजे तापमान गुणांक. टंगस्टनसाठी पुस्तकात तो शून्य पूर्णांक शून्य शून्य चार पाच दिलेला असतो, आणि तो वीस अंशांवरच्या रोधाच्या हिशेबाने असतो. मग पेटलेल्या तारेचा रोध भागिले वीस अंशांवरचा रोध, त्यातून एक वजा, त्याला गुणांकाने भागा, त्यात वीस मिळवा. झालं तापमान. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. अवघड आहे ते थंड तारेचा रोध नीट मोजणं, कारण अर्ध्या ओहममध्ये एक दशांश चुकला की उत्तर शेकडो अंश हलतं.

मी त्या शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने निघालो. मांडीवर बुटाचं खोकं, खोक्यात बल्ब, तारा आणि माझं मीटर. साडभाऊ फोनवर म्हणाला होता, "मी गाडी पाठवतो भाऊ, अकोल्याहून ड्रायव्हर घेऊन येईन तुमाले." मी नको म्हणालो. स्टँडवरून ऑटोने कॉलेज गाठलं. ती प्रयोगशाळा एका जुन्या कापसाच्या गोदामात आहे. दीडशे वर्षांपूर्वी, कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हा बांधलेलं. भिंती दोन हात जाड, पण वर टिनाचं छप्पर, त्यामुळे अकरा वाजताच डोकं तापायला लागतं.

साडभाऊ माझ्या आधी येऊन बसला होता. चाचांबरोबर चहा घेत होता. मला पाहून उठला, वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातातलं खोकं घेतलं.

"मॅडम, हे आमचे भाऊ. हा प्रयोग मले याइनंच शिकवला."

मी मनात ठरवून आलो होतो की आकृतीचा विषय मी काढीन. त्याने तो आधीच, हसत, सगळ्यांसमोर काढून संपवला. माझ्या हातात काही उरलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "मग गुरु-शिष्यांत एवढा फरक कसा? यांचं उत्तर तेवीसशे, तुमचं एकतीसशे."

"तेच पाहायला आलोय," मी म्हणालो.

चाचा म्हणाले, "अकोले का बल्ब है मॅडम. तपेगाच ना ज्यादा." सगळे हसले. साडभाऊ सर्वांत जास्त हसला.

बल्ब एकच घ्यायचा हे मी आधीच सांगितलं होतं. माझ्या खोक्यातला एक मॅडमनी निवडला. आधी पेटवून वाचन घेतलं. ते दोघांचं सामायिक. बल्बवर बारा व्होल्ट, प्रवाह एक पूर्णांक पंचाहत्तर अँपिअर, म्हणजे रोध सहा पूर्णांक शहाऐंशी. मॅडमनी स्वतः दोन्ही मीटर वाचली आणि फळ्यावर लिहिलं. इथे भांडायला जागा नव्हती.

मग बल्ब विझवला. साडभाऊने लगेच मल्टिमीटर उचलला.

चाचांनी त्याचा हात धरला. "पहले ठंडा तो होने दो, सर. अभी हात लगाओगे तो चटका बैठेगा."

"हो हो, विसरलो."

मला बरं वाटलं. गरम बल्बचा रोध थंड म्हणून मोजणं ही पोरांची चूक. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. साडभाऊने तेवढ्या वेळात दोन फोन घेतले, एकात फी कमी करायला नकार दिला आणि एकात कुणाला तरी शाबासकी दिली. मग त्याने मल्टिमीटरच्या दोन सळ्या बल्बला लावल्या. आकडा आला शून्य पूर्णांक सहा. त्याने तो लिहिला, फोनवरच भागाकार केला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात उत्तर मांडलं: तेवीसशे अडतीस अंश.

मॅडम म्हणाल्या, "या बल्बचं तापमान चोवीसशेच्या घरात असतं असं मी वाचलंय. जवळ आलात तुम्ही."

साडभाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊचीच कृपा."

मी उठलो. त्याच्या मल्टिमीटरच्या दोन सळ्या मी नुसत्या एकमेकींना टेकवल्या, मध्ये बल्ब नाही, काही नाही. आकडा आला शून्य पूर्णांक एक.

"हा एक दशांश तुझ्या तारांचा आहे," मी म्हणालो. "बल्बचा नाही. सहातून एक गेला, पाच राहिले."

"एका दशांशानं काय होते भाऊ?"

"करून बघ."

त्याने केलं. पाचशे अंशांनी उत्तर वर गेलं. अठ्ठावीसशे पंचेचाळीस. तो म्हणाला, "बापरे." मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. चांगल्या माणसाला वाटावा असा तो आनंद नव्हता.

मग मी माझी पद्धत दाखवली. बल्बच्या बुडाला चार तारा झाळलेल्या. दोनमधून अगदी बारीक प्रवाह सोडायचा, वीस मिलीअँपिअर, तार तापणार नाही एवढाच. उरलेल्या दोन तारांवर फक्त व्होल्टेज मोजायचं. प्रवाहाच्या तारांचा रोध हिशेबात येतच नाही. वीसला दहा मिलिव्होल्ट आले, म्हणजे अर्धा ओहम. प्रवाह दुप्पट केला, चाळीसला वीस आले, पुन्हा अर्धाच. दोन्हीत सारखा आला म्हणजे मोजताना तार तापत नाही, हे कळलं. चाचा वाकून पाहत होते. ते म्हणाले, "ये काम का आदमी है." एवढं वाक्य मला दिवसभर पुरलं असतं.

पण मी तिथे थांबलो नाही. मी म्हणालो, "गुणांक वीस अंशांचा आहे, आणि ही खोली आत्ता चाळीस अंशांवर आहे." भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट दाखवलं. पारा तोवर खरंच चाळीसला गेला होता. "आपण मोजला तो चाळीस अंशांचा रोध. वीसचा त्याहून कमी. अर्धा भागिले एक पूर्णांक शून्य नऊ. शून्य पूर्णांक चारशे एकोणसाठ." पुण्याच्या पुस्तकात ही पायरी नसते, कारण तिकडे खोली पंचवीस अंशांवर असते आणि फरक पडत नाही. आमच्याकडे पडतो. ही पायरी माझी स्वतःची होती, अठरा वर्षं मी शिकवत आलो ती, आणि साडभाऊने माझ्या वहीतून नेमकी हीच गाळली होती.

मी भागाकार फळ्यावर केला. गुणोत्तर चौदा पूर्णांक पंच्याण्णव. तापमान एकतीसशे वीस.

साडभाऊ हळूच म्हणाला, "भाऊ, जितकं बरोबर करून राहिले तितके लांब जाऊन राहिले तुमी."

मी रागाने त्याच्याकडे पाहिलं. पण फळ्यावर तीन आकडे एकाखाली एक लिहिलेले होते. तेवीसशे अडतीस, अठ्ठावीसशे पंचेचाळीस, एकतीसशे वीस. मॅडमनी सांगितलेले चोवीसशे पहिल्या आकड्यापाशीच मागे राहिले होते.

"टंगस्टन किती अंशाला वितळतं?" मॅडमनी विचारलं.

"चौतीसशेच्या थोडं वर," मी म्हणालो. "एकतीसशे त्याच्या आत आहे." हे उत्तर मी पोरांना नेहमी देत असे.

"आत आहे म्हणून बरोबर आहे असं नाही ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "जेवून घेऊ. नंतर ठरवते. मला वाटतं यांचाच मसुदा घ्यावा. पोरांना सोपा पडेल, आणि उत्तरही जुळतं."

जेवणाचे डबे साडभाऊने मागवले होते. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा, मठ्ठा. त्याने माझ्या ताटात आधी वाढलं. त्याचं चुकीचं माप, त्याचं विसरलेलं खोलीचं तापमान, आणि उत्तर मात्र जवळ. लग्नात, धंद्यात, सासऱ्यांच्या पंक्तीत जसं असतं तसंच बल्बमध्येही. एवढ्यावर मी आलो होतो. मी हात धुतले आणि ताट तसंच ठेवून पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो.

कपाटाला कुलूप होतं. चाचांनी किल्ली दिली. "क्या ढूंढ रहे साहेब?"

"टंगस्टनचा तक्ता."

तक्ता एका जाड, वाळवी लागलेल्या संदर्भग्रंथात मिळाला. डावीकडे तापमान केल्विनमध्ये, उजवीकडे त्या तापमानाला टंगस्टनचा विशिष्ट रोध, तीनशेपासून पुढे शंभर-शंभरच्या टप्प्याने. मोजून काढलेले आकडे. मी पायऱ्यांवर सावलीत बसलो, वही मांडीवर घेतली आणि आधी एक गोष्ट पाहिली जी मी अठरा वर्षांत पाहिली नव्हती. तीनशे ते चारशेमध्ये रोध किती वाढतो, आणि दोन हजार ते एकवीसशेमध्ये किती. वरच्या टप्प्यातली वाढ खालच्यापेक्षा बरीच जास्त होती. म्हणजे दर अंशाला रोध सारखा वाढत नाही. तापत जाईल तसा जास्त वेगाने वाढतो. मी मात्र वीस अंशांजवळचा गुणांक घेऊन थेट तीन हजारांपर्यंत सरळ रेष ओढत होतो. रोध एवढा वाढलाय, तर एवढे अंश लागले असणार, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात त्याहून कमी अंशांतच रोध तेवढा वाढतो. म्हणून माझं उत्तर वर जात होतं. माप जितकं शुद्ध, तितकी सूत्राची चूक उघडी.

मग माझं गुणोत्तर तक्त्यात शोधलं. चौदा पूर्णांक पंच्याण्णव. ते सत्तावीसशे आणि अठ्ठावीसशे केल्विनच्या मध्ये पडलं, सत्तावीसशे तीसजवळ. त्यातून दोनशे त्र्याहत्तर वजा. चोवीसशे साठला थोडं कमी.

मी पुन्हा एकदा केलं. तेच आलं. मग साडभाऊचं गुणोत्तर घेतलं, अकरा पूर्णांक त्रेचाळीस. ते आलं एकवीसशे ऐंशी केल्विन, म्हणजे जेमतेम एकोणीसशे अंश. त्याच्या दोन चुका, तारांचा रोध आणि खोलीची उष्णता, दोन्ही उत्तर खाली ओढत होत्या. माझ्या सूत्राची चूक वर ढकलत होती. त्याच्या फळ्यावर तिघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं.

आता पेच असा होता. त्याला खाली आणायचं तर मला आधी माझं सूत्र खोडावं लागणार होतं. ते सूत्र त्याने माझ्याच वहीतून घेतलेलं. गप्प बसलो असतो तर त्याचा मसुदा छापला जाणार होता, चुकीच्या मापासकट, पण माझी चूक कुणाला कळली नसती. बोललो तर मॅडमसमोर कळणार होतं की अठरा वर्षं मी पोरांना चूक शिकवली. शिकवली एवढंच नाही. ज्यांचं उत्तर तेवीसशे-चोवीसशे यायचं त्यांचे दोन गुण मी कापत असे, शेरा लिहून: थंड रोध निष्काळजीपणे मोजला. त्यातली काही पोरं खरंच निष्काळजी होती. काही असतील ज्यांनी तक्ता पाहिला असेल. ती कोण, हे आता कळायचा मार्ग नव्हता.

मी उठलो आणि सांगितलं. प्रामाणिकपणा म्हणून सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं कारण हे की त्याचा एकोणीसशे फळ्यावर लिहिलेला मला पाहायचा होता, आणि त्यासाठी माझा एकतीसशे खोडण्याची किंमत मला चालणार होती.

मॅडमनी तक्ता स्वतः तपासला. चाचांनी मान हलवली. "उन्नीस सौ में तो पीला पीला दिखेगा, मॅडम. ये तो सफेद जल रहा है." त्यांनी बल्ब पुन्हा लावला, नंतर व्होल्टेज अर्ध्याहून खाली आणून दाखवलं. तेव्हा कुठे तार पिवळी झाली. हे माझ्या किंवा साडभाऊच्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे वाचन तुमचं बरोबर होतं," मॅडम मला म्हणाल्या, "सूत्र मात्र चुकीच्या ठिकाणी लावलंत."

"हो. अठरा वर्षं."

"पोरांना गुण कसे दिलेत?"

मी सांगितलं. साडभाऊच मध्ये बोलला.

"मॅडम, चूक भाऊची असन, पण सापडली तं भाऊलेच. मी तं तपासलंच नसतं. मी आजही तपासलं नाही." मग माझ्याकडे वळून, "पण एक सांगू का भाऊ, तुमी मले पहिल्यांदा हरवलं अन् स्वतःलेही. काहून एवढी मेहनत?"

तो थट्टेने म्हणाला. त्याला उत्तर माहीत होतं, असं मला आजही वाटतं.

मॅडमनी निर्णय दिला. प्रयोगात थंड रोध माझ्या चार तारांनी मोजायचा. खोलीच्या तापमानाची दुरुस्ती ठेवायची. उत्तर सूत्राने काढायचं, पण त्याच्याशेजारी तक्त्यानेही काढायचं, आणि दोन्हींत फरक का येतो हे पोरांना विचारायचं. मजकूर साडभाऊने लिहायचा, कारण त्याचा मजकूर सोपा असतो. ते खरं आहे. नावं दोघांची, ज्याचा मसुदा आधी आला त्याचं आधी. त्याचा चार दिवस आधी आला होता. मी ओट्यावर सात दिवस वाचनं घेत बसलो होतो तेव्हा.

मी मान्य केलं. दुसरं नाव माझं. परतीच्या वेळी त्याने गाडीने सोडतो म्हटलं आणि या वेळी मी बसलो, कारण शेवटची एसटी भरून गेली होती. मूर्तिजापूरजवळ त्याने एसी कमी केला आणि म्हणाला, "ते खोलीचं तापमान, भाऊ. ते मी मुद्दाम गाळलं होतं. मले वाटलं पोट्टे गोंधळतीन."

"गोंधळले असते," मी म्हणालो. "गोंधळायला पाहिजेत."

"तुमी लय कडक मास्तर आहा."

तो हसला. मीही थोडं हसलो. म्हणून मत्सर गेला असं नाही. अकोल्यात आमच्या दारात त्याची गाडी थांबली तेव्हा शेजाऱ्याने विचारलं, "कोणाची आहे हो?" आणि मी "साडभाऊची" म्हणालो, त्यात नेहमीचं सगळं होतं.

घरी आल्यावर मी जुन्या बॅचच्या दोन प्रयोगवह्या काढल्या, कपाटात राहिलेल्या. दोन्हींत उत्तर चोवीसशेच्या आसपास होतं आणि माझा शेरा लाल शाईत होता. एका वहीत मुलीने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: सर, तक्त्यात एवढंच येतं. मी त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: तक्ता नव्हे, सूत्र वापरा. ती वही मी बायकोला दाखवली नाही.

मानधन तीन आठवड्यांनी आलं. पंधराशे, साडभाऊच्या नावे, कारण पहिलं नाव त्याचं. मी माझ्या साडेसातशेची वाट पाहत होतो हे कबूल करतो. विचारणार मात्र नव्हतो. महिन्याअखेर बायकोच्या बँकेच्या पासबुकात नोंद दिसली. पूर्ण पंधराशे, त्याच्याकडून, तिच्या नावे, सोमवारी.

"हे काय?" मी विचारलं.

"तो म्हणाला, ताई, भाऊ घेणार नाहीत, तुम्ही घ्या. आठवडाभर तुमच्या ओट्यावर प्रयोग झाला म्हणे. ओट्याचं भाडं."

"आणि तू घेतलेस?"

"घेतले. आठवडाभर माझी एक शेगडी बंद होती," ती म्हणाली. "मिक्सरचं भांडं आणलं मी. बाराशे ऐंशीचं. दोनशे वीस राहिले, ते डब्यात आहेत."